मित्राच्या वाढदिवसाचा रात्री बाराचा मेसेज: पहिला पोचेल आणि तुमचाच वाटेल असा कसा लिहायचा

अकरा अठ्ठावन्नला फोन हातात घ्यायचा, 'मराठी वाढदिवस शुभेच्छा मित्रासाठी' असं शोधायचं, त्यातल्या त्यात बरी दिसणारी चारोळी उचलायची आणि बाराच्या ठोक्याला सोडून द्यायची, असं बहुतेकांचं चालतं. मेसेज वेळेवर पोचतो. पण 'आभाळभर शुभेच्छा' आणि 'जिवाला जीव देणारा मित्र' त्याच रात्री आणखी चार जणांकडून आलेले असतात. दुसरी तऱ्हा म्हणजे मनापासून लिहायचं ठरवून बाराला बसायचं आणि साडेबाराला अर्धवट काहीतरी पाठवायचं.

दोन्हीकडे घोळ एकच आहे. लिहिण्याचं काम आणि पाठवण्याचं काम एकाच वेळी केलं जातं. बाराची वेळ फक्त पाठवण्यासाठी ठेवा. लिहून झालेलं असायला हवं दोन दिवस आधी, निवांतपणे, दिवसाउजेडी. पुढचे टप्पे याच क्रमाने करा. क्रम मोडला की गाडी परत अकरा अठ्ठावन्नवर येते.

## १. आधी तारीख पक्की करा

हे वाचून हसू येईल, पण जवळच्या मित्राचीच तारीख चुकते, कारण ती आपण कधी विचारलेली नसते. फेसबुकने सांगितलेली असते.

आपल्याकडे याचं ठळक उदाहरण म्हणजे १ जून. गावाकडे शाळेत नाव घालताना जन्माचा दाखला नसला की गुरुजी अंदाजाने १ जून टाकून मोकळे व्हायचे. तीच तारीख पुढे दाखल्यावर, आधार कार्डावर आणि तिथून फेसबुकवर चढली. तुमच्या मित्राची तारीख १ जून दिसत असेल, तर ती खरी आहे की गुरुजींची, हे एकदा त्याच्या भावाला किंवा बायकोला विचारून घ्या. खरी तारीख माहीत असलेला माणूस १ जूनला बाराला मेसेज करत नाही. तो आषाढातल्या कुठल्यातरी भलत्याच दिवशी करतो, आणि त्या दिवशी पहिला येण्यासाठी त्याला कुणाशी शर्यत लावावी लागत नाही.

काही घरांत तिथीने वाढदिवस होतो, औक्षण त्या दिवशी होतं आणि केक तारखेला. बाराचा मेसेज तारखेलाच ठेवा, कारण तिथी काही मध्यरात्री बदलत नाही. २९ फेब्रुवारीवाला मित्र असेल तर तो मधल्या वर्षांत २८ला मानतो की १ मार्चला, हे त्यालाच विचारा. दोन्ही प्रकारची माणसं असतात आणि दोघंही त्याबाबतीत हट्टी असतात.

मित्र परदेशात असेल तर बारा कुणाचे, हे ठरवा. बारा त्याचे. तुमचे नव्हेत. भारतात रात्रीचे बारा वाजतात तेव्हा न्यू जर्सीत उन्हाळ्यात आदल्या दिवशीच्या दुपारचे अडीच वाजलेले असतात. तो ऑफिसात मीटिंगमध्ये असतो आणि त्याचा वाढदिवस अजून लागलेलाही नसतो. त्याच्या मध्यरात्रीची भारतातली वेळ अशी:

- दुबई: आपल्या रात्री दीड वाजता
- लंडन: उन्हाळ्यात पहाटे साडेचार, हिवाळ्यात साडेपाच
- न्यू जर्सी, न्यूयॉर्क: उन्हाळ्यात सकाळी साडेनऊ, हिवाळ्यात साडेदहा
- कॅलिफोर्निया: उन्हाळ्यात दुपारी साडेबारा, हिवाळ्यात दीड
- सिंगापूर: आदल्या रात्री साडेनऊ

उन्हाळा-हिवाळा हा तिथला धरायचा. अमेरिकेत घड्याळं मार्चमध्ये पुढे आणि नोव्हेंबरच्या सुरुवातीला मागे होतात, तेव्हा त्या दोन महिन्यांत वाढदिवस असेल तर फोनच्या जागतिक घड्याळात त्याचं शहर टाकून खात्री करा. न्यू जर्सीवाल्याला भारतातून पहिला मेसेज करणं हे खरं तर सगळ्यात सोपं काम आहे, कारण सकाळी साडेनऊला आपण टक्क जागे असतो. तरी बहुतेक जण आपल्या बाराला पाठवून मोकळे होतात.

तपासा: तारीख फेसबुकशिवाय दुसऱ्या कुणाकडून कळली आहे का? मित्र सध्या कुठल्या शहरात आहे, हे आज माहीत आहे का? कामासाठी तो आठवडाभर दुबईला गेला असेल तर वेळ बदलली.

## २. बारालाच पाठवायचा का, ते ठरवा

सगळ्यांसाठी बारा नसतात. ज्याच्या घरी दोन महिन्यांचं बाळ आहे, ज्याची पहाटे पाचची शिफ्ट आहे, जो दहाला झोपतो आणि फोनचा आवाज बंद करायला विसरतो, त्याला बाराचा टिंग म्हणजे शिक्षा. अशा वेळी सकाळी तो उठतो त्याच्या आधीची वेळ धरा. त्याच्यासाठी पहिला तो, ज्याचा मेसेज त्याने डोळे उघडल्यावर वाचला.

नवीन लग्न झालेल्या मित्राच्या बाबतीत बाराचा पहिला मान बायकोचा किंवा नवऱ्याचा. तिथे फोन करून 'मीच पहिला' करायला जाऊ नका. मेसेज चालतो, तो शांतपणे पडून राहतो.

आणि एक अवघड प्रसंग. गेल्या वर्षभरात त्याच्या घरात कुणी गेलं असेल, विशेषतः आई किंवा वडील, तर अनेक घरांत वर्षश्राद्धापर्यंत सण-वाढदिवस करत नाहीत. तेव्हा केक, फुगे, 'हॅपी' काहीच नको. पण काहीच न पाठवणंही बरं नाही, कारण त्या रात्री तो जागा असण्याची शक्यता जास्त असते. असा मेसेज कसा असावा, ते शेवटच्या टप्प्यात आहे.

## ३. ऐवज गोळा करा

वाढदिवसाच्या तीन-चार दिवस आधी दहा मिनिटं काढा आणि त्याच्याशी झालेलं गेल्या वर्षभराचं चॅट वर सरकवत जा. फोटोंची गॅलरीही बघा. शोधायचं काय? एक प्रसंग. फक्त एक, आणि तोही गेल्या वाढदिवसानंतरचा.

'गेल्या वर्षातला' ही अट महत्त्वाची आहे. कॉलेजच्या आठवणी सगळ्यांकडे असतात आणि त्याच त्या दरवर्षी निघतात. होस्टेलच्या मॅगीवर किती वर्षं मेसेज लिहिणार? शिवाय जुनी आठवण काढली की मैत्री तेव्हा होती असा सूर नकळत लागतो. यंदाचा प्रसंग लिहिला की तुमचं त्याच्याकडे आजही लक्ष आहे, हे न सांगता कळतं.

प्रसंग मोठा नसला तरी चालतो. त्यात एखादी वस्तू, जागा किंवा त्याचं बोललेलं वाक्य असायला हवं. 'तू नेहमी माझ्या पाठीशी उभा राहिलास' हा प्रसंग नाही, ते बॅनरवरचं वाक्य आहे. कुठे उभा राहिलास, किती वाजता, हातात काय होतं, हे सापडलं की ऐवज मिळाला.

त्याच वेळी दुसरी एक गोष्ट शोधा: येत्या वर्षात तो कशाची वाट बघतोय? बदली, घराचं काम, बहिणीचं लग्न, गुडघ्याचं ऑपरेशन, रखडलेला पीएचडीचा व्हायवा. शुभेच्छा त्याच गोष्टीच्या द्यायच्या असतात. 'सर्व इच्छा पूर्ण होवोत' असं लिहिणाऱ्याला त्याची एकही इच्छा माहीत नसते.

सावध: त्याने विश्वासाने सांगितलेलं काही यात येऊ देऊ नका. बाराला केक कापताना खोलीत पाच-सहा जण असतात, फोन टेबलावर असतो, स्क्रीन पेटली की पहिली ओळ सगळे वाचतात. कुणीतरी हौशी मित्र फोन उचलून मेसेज मोठ्याने वाचूनही दाखवतो. कर्ज, नोकरी सुटणं, घरातली भांडणं, जमू घातलेलं किंवा फिसकटलेलं स्थळ, यातलं काहीही बाराच्या मेसेजमध्ये नको. ते भेटून बोला.

## ४. मसुदा लिहा

हा टप्पा सगळ्यात जास्त चुकतो, म्हणून एक उदाहरण शेवटपर्यंत नेऊ.

समजा मित्राला सगळे पिंट्या म्हणतात. वाढदिवस फेब्रुवारीत. गेल्या ऑगस्टमध्ये साताऱ्याहून पुण्याला येताना खेड शिवापूरला तुमची गाडी बंद पडली, बॅटरी गेली होती, रात्रीचे साडेअकरा, गॅरेज बंद. पिंट्या ॲक्टिव्हावरून आला, पायाशी कारची बॅटरी ठेवून. ती त्याने कुठून आणली, हे तुम्ही तेव्हा विचारलं नाही. परवा त्याच्या बायकोच्या बोलण्यात सहज आलं, की ती त्याने स्वतःच्याच गाडीतून काढली होती आणि दुसऱ्या दिवशी तो पीएमटीने ऑफिसला गेला. येत्या वर्षात त्याच्या डोक्यात एकच विषय आहे: गावाकडच्या घराचा रखडलेला स्लॅब.

यावर पहिला मसुदा साधारण असा पडतो:

> प्रिय मित्रा, तुझ्यासारखा जिवाला जीव देणारा मित्र मिळायला भाग्य लागतं. तुझ्या आयुष्यात सुख, समृद्धी आणि यश नांदो, तुझी सर्व स्वप्नं पूर्ण होवोत हीच ईश्वरचरणी प्रार्थना. वाढदिवसाच्या आभाळभर शुभेच्छा!

हा मेसेज कुठून कॉपी केलेला नाही, स्वतः टाइप केलेला आहे. तरीही तो उसनाच आहे. पिंट्याला तुम्ही 'प्रिय मित्रा' म्हणून कधी हाक मारत नाही, आणि 'ईश्वरचरणी' हा शब्द तुम्ही त्याच्यासमोर उच्चारलात तर तो कपाळाला हात लावून ताप बघेल. बॅटरी, ॲक्टिव्हा, स्लॅब, सगळं हाताशी असून एकही मेसेजात उतरलं नाही.

मग माणूस दुसऱ्या टोकाला जातो:

> पिंट्या, त्या दिवशी खेड शिवापूरला माझी गाडी बंद पडली होती, मी खूप टेन्शनमध्ये होतो, बायको-पोरं गाडीत होती, पाऊस होता, कुणीच फोन उचलत नव्हतं, तेव्हा फक्त तू आलास. तू नसतास तर माझं काय झालं असतं? तुझे हे उपकार मी आयुष्यभर विसरणार नाही…

प्रसंग आला, पण मेसेज लिहिणाऱ्याचाच झाला. 'मी' आणि 'माझं' मोजून बघा. शिवाय 'उपकार' म्हटलं की समोरच्याला उत्तर काय द्यावं, ते कळत नाही. वाढदिवसाच्या रात्री कुणाला निरोपसमारंभाचं भाषण नको असतं.

आता तिसरा:

> पिंट्या, खेड शिवापूरला आणलेली ती बॅटरी तुझ्याच गाडीतली होती, हे मला परवा वहिनींकडून कळलं. दुसऱ्या दिवशी पीएमटीला लटकत ऑफिसला गेलास आणि मला एका शब्दाने बोलला नाहीस. थोर आहेस.
>
> घराचा स्लॅब यंदा पावसाच्या आत होऊ दे. त्या दिवशी मी रजा टाकून येतोय. विचारत नाहीये, सांगतोय.
>
> वाढदिवसाच्या शुभेच्छा रे. रविवारी मिसळ माझ्याकडून.

यात वाक्यांचा क्रम ठरवून लावलेला आहे. 'वाढदिवसाच्या शुभेच्छा' शेवटी आहे, सुरुवातीला नाही. याचं कारण अगदी व्यवहारी आहे. व्हॉट्सॲपच्या चॅट यादीत मेसेजचा फक्त सुरुवातीचा तुकडा दिसतो. त्या रात्री त्याच्या यादीत एकाखाली एक वीस वेळा 'वाढदिवसाच्या हार्दिक…' आणि 'हॅपी बर्थडे…' दिसणार आहे. त्यात एका ठिकाणी 'पिंट्या, खेड शिवापूरला आणलेली ती बॅटरी' दिसलं तर तो कुठलं चॅट आधी उघडेल?

आणि इथेच पहिलं येण्यातली एक गोम आहे. यादीत सगळ्यात नवा मेसेज वर येतो. म्हणजे तुम्ही बरोबर बाराला पाठवला तर बारा वाजून दहा मिनिटांनी तुम्ही सगळ्यांच्या खाली गेलेले असता. नुसतं 'हॅपी बर्थडे भावा' लिहून पहिलं आलेल्याचा मेसेज रात्री एकला, जांभया देत, बाकीच्यांबरोबर 'थँक्यू' म्हणून निकाली निघतो. वेळ बाराची दिसते, पण ती बघायला त्याने चॅट उघडायला हवं, आणि उघडायला लावते ती पहिली ओळ.

लांबी पन्नास-साठ शब्दांपर्यंत पुरे. फोनवर एका नजरेत मावला पाहिजे, 'आणखी वाचा' यायला नको. प्रसंगाला दोन-तीन वाक्यं, शुभेच्छेला एक, आणि शेवटी एखादी ठरलेली, करता येण्यासारखी गोष्ट. मिसळ, फोन, भेट, काहीही, पण दिवस सांगून. 'लवकरच भेटू' हे कोणीही म्हणतो आणि कोणीच भेटत नाही.

## ५. चाळणी लावा

मसुदा एक रात्र तसाच ठेवा. दुसऱ्या दिवशी या क्रमाने बघा.

नाव बदलून बघा. पिंट्याच्या जागी दुसऱ्या मित्राचं नाव टाका. मेसेज जसाच्या तसा चालला, तर तो कुणाचाच नाही. एवढी एकच चाचणी केली तरी निम्मं काम होतं. चारोळ्या इथेच गळतात, आणि आपण स्वतः रचलेल्या म्हणून आवडलेल्या यमकाच्या ओळीही.

मोठ्याने वाचा. तुम्ही त्याच्याशी बोलता त्या भाषेत आहे का? बोलताना 'अरे-तुरे' आणि मेसेजमध्ये अचानक 'आपणांस' असं होऊ देऊ नका. एरवी शिव्यांशिवाय वाक्य पुरं होत नसेल तर मेसेज अगदी सोवळा करायची गरज नाही, पण वर सांगितलेली टेबलावरची स्क्रीन लक्षात ठेवा. त्याची आईही खोलीत असू शकते. मोठ्याने वाचल्यावर द्वयर्थही सापडतात. वरच्या मेसेजात आधी कुणी सहज 'यंदा तुझा स्लॅब पडो' लिहून जाईल. गवंड्याच्या भाषेत ते बरोबर आहे, वाढदिवसाच्या शुभेच्छांत नाही.

विशेषणं मोजा. दिलदार, रोखठोक, यारों का यार, मोठ्या मनाचा राजा माणूस. ही चौकातल्या फ्लेक्सची विशेषणं आहेत. तिसऱ्या मसुद्यात एकच कौतुक आहे, 'थोर आहेस', आणि तेही अर्धं चिडवणारं. जवळच्या मित्राला एवढं पुरतं.

शुद्धलेखन. 'शुभेच्छा' हा शब्द एकदा अक्षर अक्षर वाचा. 'शुभेच्या' आणि 'हार्दीक' या दोन चुका इतक्या पसरल्या आहेत, की कॉपी केलेला मेसेज बहुतेक वेळा त्यांवरूनच ओळखू येतो. शुभेच्छा, हार्दिक. फोनच्या कीबोर्डची सूचना बघून पटकन बोट मारू नका.

इमोजी एक, फार तर दोन. केक-फुगे-फटाके-हृदय अशी माळ लावली की मेसेज फॉरवर्डसारखा दिसतो, आत काहीही लिहिलेलं असो.

## ६. फोन तयार ठेवा

मजकूर त्याच्या चॅटमध्ये टाइप करू नका. तुम्ही तिथे लिहीत असताना त्याला 'टायपिंग' दिसतं, आणि अकरा वाजल्यापासून चॅट उघडून बसलेला माणूस काय करतोय, ते कुणालाही कळतं. बोट चुकून पाठवण्याच्या बाणावर गेलं तर आदल्या दिवशीच मेसेज गेला. अँड्रॉइडवर व्हॉट्सॲपच्या चॅट सेटिंगमध्ये एंटर दाबल्यावर पाठवण्याची सोय चालू असेल तर परिच्छेद पाडायला जाल आणि अर्धा मेसेज सुटेल. नोट्समध्ये लिहा, तिथून कॉपी करा.

कुणाला तरी पाठवून 'बघ बरा आहे का' असं विचारलं असेल, तर तो मेसेज त्याच्याकडून परत आल्यावर तसाच पुढे ढकलू नका. दुसऱ्याचा मेसेज फॉरवर्ड केला की वर Forwarded अशी खूण लागते. इतकी मेहनत करून त्यावर ती खूण म्हणजे सगळं पाण्यात.

फोनची वेळ आपोआप ठरण्यावर आहे का, बघा. ऑफिसला उशीर होऊ नये म्हणून घड्याळ पाच मिनिटं पुढे ठेवणारी माणसं अजून आहेत, आणि त्यांचे बाराचे मेसेज बाराला पाच कमी असतानाच पोचतात. त्यात गंमत अशी, की पाठवणाऱ्याला आयुष्यभर कळत नाही.

वेळ लावून मेसेज पाठवायचा का? गुगलच्या मेसेजेस ॲपमध्ये एसएमएस असा ठेवता येतो, टेलिग्राममध्येही बाण दाबून धरला की वेळ निवडता येते. व्हॉट्सॲपसाठी म्हणून मिळणारी बाहेरची ॲप्स मात्र फोनवर काय दिसतंय ते वाचण्याची आणि तुमच्या वतीने बटणं दाबण्याची परवानगी मागतात. एका मेसेजसाठी ती देऊ नका. सोय असली तरी जवळच्या मित्राच्या बाबतीत मी ती वापरू नये असंच म्हणेन. त्याचं कारण बारा वाजून एक मिनिटाला कळतं: तो लगेच उत्तर देतो, 'जागा आहेस का? कॉल करू?' आणि तुम्ही घोरत असता. जागं राहणं जमणार नसेल तर सरळ सकाळचा मेसेज करा.

तपासा: चार्जिंग, नेट, आणि मजकूर नोट्समध्ये शेवटच्या रूपात. त्यात आता एक शब्दही बदलायचा नाही.

## ७. रात्रीचा क्रम

पावणेबाराला नोट्समधून मजकूर कॉपी करा. अकरा एकोणसाठला त्याचं चॅट उघडा आणि पेस्ट करा. चॅटच्या वर त्याचंच नाव आहे ना, ते वाचा. त्याच नावाचे दोन जण असतात, आणि मित्रमंडळींच्या ग्रुपचं नावही कधीकधी त्याच्याच टोपणनावावर असतं. घड्याळात १२:०० दिसू द्या, मग पाठवा. अकरा एकोणसाठचा मेसेज हा पहिला नसतो, तो कालचा असतो.

सगळा मजकूर एकाच मेसेजात जाऊ द्या. 'पिंट्या', मग 'अरे', मग 'हॅपी बड्डे', मग मुख्य मजकूर असे तुकडे केले तर यादीत फक्त शेवटचा तुकडा दिसतो आणि पहिल्या ओळीवर केलेली मेहनत वाया जाते.

पाठवल्यावर राखाडी रंगाची एकच खूण राहिली, तर त्याचा फोन बंद आहे किंवा नेट नाही. पुन्हा पाठवू नका, एसएमएसही नको. फोन चालू होताच तो जाईल, आणि वेळ बाराचीच दिसेल. दोन खुणा आल्या पण निळ्या होत नाहीत, म्हणजे तो केक कापतोय किंवा आईचा फोन चालू आहे. फोन बाजूला ठेवा.

ग्रुपवर आधी लिहायचं नाही. ग्रुपमध्ये कुणीतरी अकरा सत्तावन्नला 'ॲडव्हान्समध्ये' म्हणून सुरू करतोच, आणि मग सगळे तुटून पडतात. त्या गर्दीत तुम्ही सामील झालात तर त्याने तुमचं नाव आधी तिथे वाचलेलं असतं. वैयक्तिक मेसेज गेल्यावर पाच-दहा मिनिटांनी ग्रुपवर एखादी साधी ओळ टाका. तोच मजकूर स्टेटसला किंवा ग्रुपला लावू नका. एकट्यासाठी लिहिलेली बॅटरीची गोष्ट शंभर जणांसमोर टांगली की ती त्याची राहत नाही.

## ८. पाठवल्यानंतर, आणि चुकलंच तर

चूक दिसली तर व्हॉट्सॲपवर पंधरा मिनिटांत दुरुस्त करता येते, पण मेसेजवर Edited असं दिसत राहतं. वेलांटी-उकार चुकला असेल तर राहू द्या. नाव किंवा जागा चुकली असेल तरच हात लावा. मेसेज सर्वांसाठी डिलीट करून पुन्हा पाठवणं सगळ्यात वाईट: डिलीट केल्याची खूण राहते, आणि बाराऐवजी बारा वाजून चार मिनिटं होतात.

त्याचं उत्तर 'थँक्यू भावा ❤️' एवढंच आलं तर नाराज व्हायचं कारण नाही. त्या अर्ध्या तासात तो सगळ्यांना तेच पाठवतोय. खरं उत्तर दुसऱ्या दिवशी येतं, बहुतेक वेळा फोनवर, आणि बहुतेक वेळा त्याची सुरुवात 'तुला हिने सांगितलं होय बॅटरीचं?' अशी होते. तोवर 'मीच पहिला ना?' असं विचारू नका. ज्याला ते महत्त्वाचं वाटतं, तो स्वतःहून सांगतो.

डोळा लागला आणि बारा हुकले, तर तोच मेसेज सकाळी सातच्या आसपास पाठवा. वर 'सॉरी यार, झोप लागली, खूप वाईट वाटतंय' असं रडगाणं जोडू नका, नाहीतर वाढदिवसाच्या दिवशी त्यालाच तुमची समजूत काढावी लागते. तिसरा मसुदा सकाळी सातला पाठवला तरी त्यातला एकही शब्द बदलावा लागत नाही, कारण त्यात बाराचा उल्लेखच नाही. आधीपासून असाच लिहा. 'सर्वात आधी माझ्याकडून' ही ओळ घातली, की दोन मिनिटांचा उशीरही तिला खोटं पाडतो.

आता तो दुसऱ्या टप्प्यात राहिलेला प्रसंग. मित्राचे वडील दिवाळीच्या सुमारास गेले आहेत आणि दरवर्षी बाराला पहिला फोन त्यांचाच असायचा, हे तुम्हाला माहीत आहे. इथे प्रसंग शोधायची गरज नाही, तो समोरच आहे. 'काका जिथे असतील तिथून आशीर्वाद देत असतील' असं लिहू नका, ते त्याला पंधरा जण सांगणार आहेत. सल्लाही नको, 'खंबीर राहा' तर अजिबात नको. एवढं बस:

> आज बाराला काकांचा फोन नसणार, ते डोक्यात होतं. मी जागा आहे, बोलावंसं वाटलं तर कर. नाही केलास तरी सकाळी आठला येतोय, चहा तुझ्याकडे.

इथे 'वाढदिवस' हा शब्दही नाही, आणि तो लागतही नाही. एक गोष्ट मात्र पाळावी लागते: फोन आवाजावर ठेवून खरोखर जागं राहायचं, आणि आठला खरोखर जायचं. जमणार नसेल तर ती दोन वाक्यं गाळा आणि फक्त पहिलं पाठवा.